डबल ओचे तीन उच्चार आणि ‘नांव’वरचं टिंब

प्रश्न: मुलगा सहावीत आहे. ‘ब्लड’, ‘गुड’ आणि ‘फूड’ या तिन्हींत डबल ओच कसा, असं विचारतो. मराठीत आपण बोलतो तसं लिहितो. मग इंग्रजीनंच स्पेलिंगचा असा घोळ का घालून ठेवलाय?

उत्तर:

मुलानं नेमके शब्द निवडलेत. इंग्रजी स्पेलिंगचं बरंचसं दुखणं या तिघांत सापडतं. आधी थोडक्यात सांगतो. इंग्रजी स्पेलिंगही मुळात उच्चाराला धरूनच ठरलं होतं, फक्त तो उच्चार सुमारे ६०० वर्षांपूर्वीचा आहे. स्पेलिंग छापखान्यात गोठत गेलं आणि नेमकं त्याच काळात बोलणं झपाट्यानं बदललं. मराठीचं प्रमाण लेखन ठरलं एकोणिसाव्या शतकात, म्हणजे परवा-परवा. तरीही उच्चारातून गेलेल्या काही गोष्टी लेखनात उरल्या होत्याच. त्यातल्या बऱ्याचशा १९६२ साली नियम करून काढून टाकल्या. देवनागरी लिपीचा यात वाटा आहे, पण आपण समजतो तेवढा नाही.

आता डबल ओ. मध्ययुगीन इंग्रजीत या तिन्ही शब्दांत एकच स्वर होता: लांब ओ, आपल्या ‘मोर’मधल्यासारखा. म्हणजे ब्लोड, गोड, फोड. (‘गुड’ आणि आपला ‘गोड’ यांचं नातं काही नाही, योगायोग आहे.) स्वर लांब आहे हे दाखवायला लेखनिक ओ दोनदा लिहायचे. दोन ओ म्हणजे लांब ओ. इतकं सरळ होतं ते.

मग साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीचे सगळे लांब स्वर जागचे हलले. भाषाशास्त्रात याला ‘ग्रेट व्हाउल शिफ्ट’ म्हणतात. प्रत्येक लांब स्वर बोलताना जीभ पूर्वीपेक्षा वर जाऊ लागली. ‘आ’च्या जागी शेवटी ‘ए’ आला, म्हणून ‘नाम’सारखा उच्चारला जाणारा शब्द ‘नेम’ झाला. ‘ए’चा ‘ई’ झाला, म्हणून ‘फेट’चं ‘फीट’ झालं. ‘ओ’चा ‘ऊ’ झाला. ‘ई’ आणि ‘ऊ’ आधीच सगळ्यात वर होते, त्यांना आणखी वर जायला जागा नव्हती. ते फुटून ‘आइ’ आणि ‘आउ’ झाले. ‘टीम’सारखा उच्चार असलेला शब्द ‘टाइम’ झाला, ‘हूस’चा ‘हाउस’ झाला. ऱ्हस्व स्वर मात्र बव्हंशी जागीच राहिले. रोमन लिपीतल्या ए, ई, आय या अक्षरांची इंग्रजी नावंसुद्धा याच उलथापालथीतून आली आहेत. जर्मन माणूस त्याच अक्षरांना आजही आ, ए, ई म्हणतो.

या बदलानंतर आपले तिन्ही शब्द ब्लूड, गूड, फूड असे झाले. इथंच थांबलं असतं तर प्रश्नच नव्हता. डबल ओ म्हणजे ऊ, इतकंच पाठ करायचं. पण पुढं काही शब्दांतला ऊ ऱ्हस्व झाला, आणि तोही सगळ्यांत एकाच वेळी नाही. ‘ब्लूड’ लवकर ऱ्हस्व होऊन ‘ब्लुड’ झाला. त्यानंतर सतराव्या शतकात दक्षिण इंग्लंडमध्ये आणखी एक बदल झाला: बहुतेक शब्दांतला ऱ्हस्व उ हा अ-सारखा उच्चारला जाऊ लागला. ‘कुप’चा ‘कप’ झाला, ‘बुट’चा ‘बट’ झाला. ‘ब्लुड’ तेव्हा ऱ्हस्व होऊन तयारच होता, त्यामुळे तोही त्या लाटेत सापडला आणि ‘ब्लड’ झाला. ‘गूड’ ऱ्हस्व झाला तो ही लाट ओसरल्यावर, म्हणून तो ‘गुड’वरच थांबला. ‘फूड’ कधी ऱ्हस्व झालाच नाही. एकाच रस्त्यानं निघालेले तीन शब्द तीन ठिकाणी उतरले आणि स्पेलिंग मात्र जिथून निघाले तिथलंच राहिलं.

हे पडताळून पाहता येतं. उत्तर इंग्लंडमध्ये उ-चा अ झालाच नाही. लीड्स किंवा मँचेस्टरकडचा माणूस आजही ‘कप’ला ‘कुप’ आणि ‘ब्लड’ला ‘ब्लुड’ म्हणतो, आणि त्याच्या तोंडी ‘ब्लड’ आणि ‘गुड’ यांचा यमक जुळतो. त्याच भागात जुन्या पिढीचे काही लोक ‘बुक’ला ‘बूक’ म्हणतात. म्हणजे ज्या पायऱ्यांवरून शब्द गेले, त्यातल्या मधल्या पायऱ्या अजून जिवंत आहेत.

उच्चार सगळ्याच भाषांचे बदलतात, मग स्पेलिंग मागोमाग का गेलं नाही? याचं कारण छपाई. विल्यम कॅक्स्टननं १४७६ साली वेस्टमिन्स्टरला इंग्लंडातला पहिला छापखाना टाकला, तेव्हा स्वरांची ही हलवाहलव अर्धवट झाली होती. हातानं नक्कल करणारा लेखनिक आपल्या कानाप्रमाणे स्पेलिंग बदलत असे. छापखान्यात एक पुस्तक पाहून दुसरं जुळवलं जातं, आणि वाचकाच्या डोळ्याला एक रूप सवयीचं झालं की ते बदलणं धंद्याला परवडत नाही. पुढची दोनशे वर्षं स्पेलिंगमध्ये थोडीफार चलबिचल होती. सतराव्या शतकाच्या अखेरीस छापखान्यांनी ते जवळपास नक्की केलं आणि १७५५ साली सॅम्युअल जॉन्सनच्या शब्दकोशानं त्यावर शिक्का मारला. हे नियम कुठल्या मंडळानं बसून केले नाहीत. इंग्रजीला अशी अधिकृत संस्था तेव्हा नव्हती, आजही नाही.

मुकी अक्षरंही बरीचशी अशीच आली. ‘नाइट’ म्हणजे रात्र, एन-आय-जी-एच-टी. जुन्या इंग्रजीत हा शब्द एन-आय-एच-टी असा लिहीत आणि त्यातला एच बोलत; आवाज घशातून घासून काढलेल्या ‘ख’सारखा होता, साधारण ‘निख्ट’. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच वळणाचे लेखनिक आले. हा आवाज त्यांच्या भाषेत नव्हता, त्यांनी त्यासाठी जी-एच ही जोडी रूढ केली. पुढं आवाज गेला, जोडी राहिली. जर्मनमध्ये तोच शब्द ‘नाख्ट’ आहे आणि तिथं तो आवाज आजही स्पष्ट ऐकू येतो. सरदार या अर्थाच्या ‘नाइट’मध्ये सुरुवातीला जो के आहे तोही एके काळी बोलला जायचा. तो सतराव्या शतकाच्या सुमारास बोलण्यातून गेला.

काही अक्षरं मात्र इंग्रजीत कधीच बोलली गेली नाहीत. ‘डेट’ म्हणजे कर्ज, त्यातला बी. फ्रेंचमधून हा शब्द आला तेव्हा त्यात बी नव्हता. पुढं लॅटिनच्या अभिमान्यांनी मूळ ‘देबितुम’ आहे हे दाखवायला तो घुसवला. ‘डाउट’मधला बी याच जातीचा. ‘आयलंड’मधला एस तर चक्क चुकीचा आहे. तो अस्सल जुना इंग्रजी शब्द. पण ‘बेट’ याच अर्थाच्या, लॅटिनमधून आलेल्या दुसऱ्या शब्दात एस होता, म्हणून यालाही तो चिकटवला. विद्वत्ता मिरवण्याच्या नादात शुद्ध शब्द अशुद्ध करण्याचा हा नमुना मराठी माणसाला अनोळखी वाटू नये.

अक्षरांचा तुटवडा हेही एक कारण आहे. लंडनच्या प्रमाण इंग्रजीत सुमारे २० स्वर आहेत आणि रोमन लिपीत स्वरांसाठी अक्षरं पाच. त्यामुळे जोड्या लावाव्याच लागतात. पण याला फार महत्त्व देऊ नका. स्पॅनिश आणि फिनिश याच लिपीत लिहितात, आणि त्यांचं लेखन उच्चाराला मराठीइतकंच किंवा जास्तच धरून आहे.

उलटही खरं आहे. लिपी शास्त्रशुद्ध असली म्हणजे लेखन उच्चाराप्रमाणे राहतंच असं नाही. बंगाली लिपी देवनागरीची बहीण, दोन्ही ब्राह्मीपासून निघालेल्या, वर्णमालेचा क्रमही तोच. तरीही बंगाली माणूस ‘लक्ष्मी’ लिहितो आणि ‘लोक्खी’ म्हणतो. लिपीनं सोय केली होती, पण लेखन संस्कृतला चिकटून राहिलं आणि बोलणं पुढं गेलं. म्हणून ‘आपली लिपीच वैज्ञानिक’ एवढ्यावर हा प्रश्न सुटत नाही.

मराठीत काय घडलं ते पाहू. तेराव्या शतकातल्या मराठीत ‘जैसा’, ‘म्हणौनि’ अशी रूपं होती. बोलण्यात ‘जसा’, ‘म्हणून’ आलं तसं लिहिण्यातही आलं, कारण एकोणिसाव्या शतकापर्यंत सगळा व्यवहार हातानं लिहून चालत होता आणि लेखन गोठवणारं काही नव्हतं. रोजची पत्रं, हिशेब, दफ्तरं मोडीत होती. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेदच पाळत नसत, वेलांटी एकच. मग छपाई आली. विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ साली बंगालमधल्या श्रीरामपूरला छापलं गेलं, मोल्सवर्थचा कोश १८३१ साली आला, दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ साली. छापील मराठीसाठी बाळबोध लिपी पक्की झाली आणि लेखनाला वळण लागलं. इंग्रजीला जे पंधराव्या शतकात झालं ते आपल्याकडे साडेतीनशे वर्षांनी झालं. गोठलेला उच्चार मुळातच ताजा होता.

तरीही आपल्याकडे ‘नाइट’च्या जी-एचसारखी एक गोष्ट होतीच: न बोललेला अनुस्वार. आजोबांच्या पिढीची पुस्तकं काढून पाहा. नांव, पांच, दांत, कांहीं, हंसणें असं लिहिलेलं दिसेल. ही टिंबं हवेतून आलेली नव्हती. संस्कृत ‘पञ्च’, ‘दन्त’, ‘नाम’ यांतलं अनुनासिक झिजत झिजत नाकातल्या उच्चारापुरतं उरलं होतं, त्याची ती खूण. कोकणी बोलणाऱ्यांच्या आणि कोकणातल्या काही बोलींच्या तोंडी ते नाकातलं बोलणं आजही ऐकू येतं. प्रमाण मराठीतून ते गेलं होतं, पण शाळेत मात्र कुठल्या शब्दावर टिंब द्यायचं हे पाठ करावं लागे, अगदी आज इंग्रजी स्पेलिंग पाठ करतात तसं.

मराठी साहित्य महामंडळ १९६१ साली स्थापन झालं. त्याचे १४ नियम १९६२ साली शासनानं मान्य केले, १९७२ साली आणखी चारांची भर पडून ते १८ झाले. त्यातली मुख्य गोष्ट ही, की स्पष्ट उच्चारलं जाणारं अनुनासिक असेल तिथंच शीर्षबिंदू द्यायचा. व्युत्पत्तीनं सिद्ध होत असला तरी बोलला न जाणारा अनुस्वार द्यायचा नाही. नांवचं नाव झालं, घरांतचं घरात झालं. ‘मुलांना’, ‘लोकांसाठी’ अशा अनेकवचनी रूपांवरचा अनुस्वार तेवढा राखला. त्याच नियमांनी ‘कवि’, ‘बुद्धि’ हे शब्द ‘कवी’, ‘बुद्धी’ असे दीर्घान्त झाले, कारण मराठी माणूस शब्दाच्या शेवटी ऱ्हस्व इ बोलतच नाही. (समासात मात्र कविराज, बुद्धिमान.) इंग्रजी ‘नेम’ आणि आपलं ‘नाव’ हे दूरचे भाऊ आहेत, एकाच मूळ शब्दापासून आलेले. ‘नेम’नं शेवटचा मुका ई सांभाळून ठेवला, ‘नांव’चं टिंब नियमानं पुसलं. दोन भाषांतला खरा फरक इथं आहे.

मराठीला हे का जमलं? नियम करणारी एक संस्था होती, तिच्यामागे शासन होतं, पाठ्यपुस्तकं आणि सरकारी छपाई त्याच्या हातात होती, आणि प्रमाण उच्चार कुठला यावर, कुरकुर असली तरी, ढोबळ एकमत होतं. इंग्रजीत यातलं एकही नाही. अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०६ साली ३०० शब्दांची सोपी स्पेलिंगं सरकारी छापखान्याला वापरायला सांगितली. वर्तमानपत्रांनी टर उडवली, संसदेनं विरोध केला आणि त्याच वर्षी हुकूम मागं घ्यावा लागला. त्यापलीकडे एक खरी अडचण आहे: उच्चाराप्रमाणे लिहायचं तर कुणाच्या? लंडनचा माणूस ‘कार’मधला आर बोलत नाही, स्कॉटलंडचा आणि बहुतेक अमेरिकन बोलतात. आजचं स्पेलिंग कुणाच्याच उच्चाराचं नाही, म्हणून ते सगळ्यांना चालतं. शिवाय ‘साइन’मधला मुका जी काढला तर ‘सिग्नल’शी असलेलं त्याचं नातं डोळ्यांना दिसणार नाही.

आता ‘मराठीत बोलतो तसं लिहितो’ याबद्दल. वाचताना हे बहुतेक खरं आहे, लिहिताना कमी. दोन्ही दिशा वेगळ्या धरा.

वाचताना अडचण दोनच ठिकाणी येते. पहिली म्हणजे च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार. ‘जग’ म्हणजे दुनिया यातला ज तालव्य, आणि ‘तू जग’ यातला ज दंतमूलीय. लिहायला काहीच फरक नाही. संदर्भावरूनच कळतं, आणि मराठी मातृभाषा नसलेल्याला तर शब्दागणिक शिकावं लागतं. दुसरी, न बोलला जाणारा अ. आपण ‘सरकार’ लिहितो आणि ‘सर्कार्’ म्हणतो. ‘फणस’मधला ण पूर्ण ऐकू येतो, पण ‘फणसाला’ म्हणताना तो ‘फण्साला’ होतो. याला ठरावीक पद्धत असल्यामुळे आपल्या लक्षातही येत नाही.

लिहिताना घोटाळा होतो तो संस्कृतमधून जसेच्या तसे घेतलेल्या शब्दांत. श आणि ष, रु आणि ऋ आपण सारखेच बोलतो; ‘विशेष’मध्ये कुठला श कुठं, हे कान सांगू शकत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचं तर याहून मजेशीर आहे. अस्सल मराठी शब्दांत नियम उच्चाराला धरून आहे: शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इ-उ दीर्घ, म्हणून फूल, मीठ, विहीर, आणि पुढं प्रत्यय लागला की ऱ्हस्व, फुलाला, मिठात, विहिरीत. मोठ्यानं म्हणून पाहा, आवाजही तसाच लांब आणि मग आखूड होतो. पण ‘गुण’, ‘विष’, ‘शिव’ हे शब्द बोलताना आपण गूण, वीष, शीव असेच लांबवतो, लिहितो मात्र संस्कृतप्रमाणे ऱ्हस्व. उलट ‘परीक्षा’मधली री बोलण्यात आखूड असते आणि लिहिताना दीर्घ. पोरांच्या वहीत ‘गूण’ आणि ‘परिक्षा’ दिसतं ते आळसामुळे नाही. त्यांचा कान बरोबर आहे. ‘डेट’मधला बी आणि ‘गुण’मधला पहिला उकार एकाच कुळातले: दोन्ही मूळ भाषेचा मान राखायला ठेवलेले. नव्या आवाजांच्या बाबतीत मात्र मराठी चटकन वळते. ‘बॅट’, ‘ऑफिस’ यांसाठी ॲ आणि ऑ ही चिन्हं आधीपासून वापरात होतीच, २००९च्या शासन निर्णयानं त्यांना वर्णमालेतही जागा दिली.

मुलाला शिकवताना डबल ओचे सगळे शब्द एका ढिगात देऊ नका. आधी सांगा की साधा नियम ‘ऊ’ आहे: फूड, मून, स्कूल, रूट. पुढं के आला की तो जवळपास नेहमी ऱ्हस्व उ होतो: बुक, लुक, कुक, टुक. ‘स्पूक’सारखा अपवाद विरळा. त्याखेरीज ऱ्हस्व उ असलेले रोजचे शब्द मोजके आहेत आणि ते एकत्र पाठ होतात: गुड, वुड, स्टुड, हुड, फुट, वुल. ‘अ’ उच्चाराचे रोजच्या वापरातले शब्द दोनच, ‘ब्लड’ आणि ‘फ्लड’. ‘डोअर’ आणि ‘फ्लोअर’ वेगळे काढा, तिथं पुढच्या आरमुळे स्वर बदललाय. आय-जी-एच अशी तीन अक्षरं दिसली आणि त्यांच्याआधी ए किंवा ई नसेल तर उच्चार ‘आइ’: लाइट, राइट, फाइट, हाय. आधी ए किंवा ई असेल तर मात्र सावध राहायचं, कारण ‘स्ट्रेट’, ‘एट’ आणि ‘वेट’ एकीकडे जातात, ‘हाइट’ दुसरीकडे. शब्दाच्या सुरुवातीला के-एन असेल तर के नेहमी मुका. अशा गटांनी शिकवलं की मुलाला पाठ करायला उरतात ते ‘डेट’ आणि ‘आयलंड’सारखे शब्द, ज्यांतलं अक्षर कुणीतरी नंतर घुसवलेलं आहे, तिथं नियम शोधत बसू नये, त्यांची वेगळी यादी करून ठेवावी.